‘तुम्ही कितपत सहमत आहात?’ : प्रतिवाद नुसता मांडायचा नाही, तोलायचा

पीएच.डी. प्रवेशाच्या किंवा फेलोशिपच्या लेखी परीक्षेत एक विधान देतात आणि खाली विचारतात, ‘तुम्ही या विधानाशी कितपत सहमत आहात?’ विज्ञान शाखेतल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न सोपा वाटतो, कारण पाठ केलेली माहिती ओतायला जागा मिळते. पण ज्युनिअर मुलांचे सरावाचे निबंध वाचताना एक साचा सारखा दिसतो. तीन परिच्छेद बाजूने, एक परिच्छेद विरुद्ध आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’. हे उत्तर नव्हे, ही यादी झाली. या लेखात आपण एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत सोडवू, म्हणजे प्रतिवाद तोलायचा म्हणजे नक्की काय करायचं ते दिसेल.

प्रश्न असा घेऊ: ‘ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढल्यामुळेच १८५४ सालची लंडनमधील कॉलऱ्याची साथ थांबली. तुम्ही कितपत सहमत आहात?’

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ऑगस्ट १८५४च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याचा उद्रेक झाला आणि काही दिवसांत शेकडो माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांना ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाचा संशय आला. ७ सप्टेंबरला ते स्थानिक मंडळापुढे गेले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा पुढचं वाक्य असतं, ‘आणि साथ थांबली.’

आधी विधान फोडा

पेन उचलायच्या आधी विधानातला ‘च’ बघा. ‘काढल्यामुळे’ आणि ‘काढल्यामुळेच’ यांत मोठा फरक आहे. ‘च’ लागला की विधान म्हणतं, कारण हे एकच, दुसरं नाही. शिवाय विधान ‘थांबली’ म्हणतं, ‘कमी झाली’ किंवा ‘परत आली नाही’ असं म्हणत नाही. म्हणजे तपासायच्या गोष्टी दोन झाल्या: दांडा काढणं हे कारण होतं का, आणि एकमेव कारण होतं का.

इथेच बरेच जण घसरतात. त्यांना स्नोचे पुरावे पाठ असतात. जवळच्या ब्रुअरीतले कामगार पंपाचं पाणी पीत नव्हते आणि त्यांच्यातलं कुणी कॉलऱ्याने मेलं नाही. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाऊसमध्ये पाचशेहून जास्त माणसं राहत होती, पण त्यांची स्वतःची विहीर होती आणि तिथे फक्त ५ जण दगावले. हे पुरावे भक्कम आहेत, पण ते वेगळ्याच विधानाचे पुरावे आहेत. त्यांनी ‘साथ या पंपाच्या पाण्यातून पसरली’ हे सिद्ध होतं. ‘दांडा काढल्याने साथ थांबली’ हे त्यातून आपोआप निघत नाही. आग कशामुळे लागली हे कळलं म्हणजे ती कुणी विझवली हे कळत नाही, तसंच हे. मग हे पुरावे टाकून द्यायचे का? नाही. एका परिच्छेदात घ्यायचे, आणि त्यांनी पाण्याचा मार्ग सिद्ध होतो एवढंच म्हणायचं.

प्रतिवाद त्याच्या सगळ्यात मजबूत रूपात

प्रतिवाद लिहिताना ‘काहींच्या मते मात्र…’ अशी गुळमुळीत सुरुवात करू नका. विरोधी बाजूचा हुशार माणूस समोर बसलाय असं समजा आणि त्याचा सगळ्यात जड पुरावा मागा. इथे तो पुरावा स्नोच्याच तक्त्यात आहे. पुढे जे दगावले ते कोणत्या दिवशी आजारी पडले, याची नोंद त्याने दिली आहे. १ सप्टेंबरला असे १४३ जण आजारी पडले, २ तारखेला ११६, ४ तारखेला ४६ आणि ८ तारखेला, म्हणजे दांडा काढला त्या दिवशी, फक्त १२. दांडा निघायच्या आधीच साथ शिखरापासून दहापटीहून जास्त खाली आली होती.

इथे एक बारकावा आहे. मृत्यूंचे आकडे घेतले तर उतार इतका तीव्र दिसत नाही, कारण माणूस आजारी पडल्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी दगावतो. ८ तारखेला मृत्यू ३० होते. पण दांडा काढल्याचा परिणाम पहिल्यांदा दिसणार तो नव्याने आजारी पडणाऱ्यांच्या संख्येत. म्हणून मोजमाप आजारी पडण्याच्या तारखेचं घ्यायचं, मृत्यूच्या तारखेचं नाही. निबंधात हे एक वाक्य लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्ही आकडे पाठ केलेले नाहीत, त्यांचा अर्थ लावलाय.

मग साथ उतरली कशाने? घाबरून लोक मोठ्या संख्येने भाग सोडून गेले होते. स्नोने स्वतः हे नोंदवलं आहे. पुढे त्याने असंही म्हटलं आहे की दांडा काढला तेव्हा विहिरीत कॉलऱ्याचं विष अजून होतं की पाणी तोवर स्वच्छ झालं होतं, हे ठरवता येत नाही. म्हणजे ज्याच्या नावावर आपण हे श्रेय जमा करतो त्यानेच ते पूर्णपणे घेतलेलं नाही.

आता तोलायचं

बहुतेक निबंध इथे थांबतात आणि ‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य’ लिहून मोकळे होतात. तोलायचं म्हणजे प्रतिवादाला दोन प्रश्न विचारायचे. हा खरा धरला तर मूळ विधानाचा कोणता भाग पडतो? आणि कोणता भाग तरीही उभा राहतो?

पहिला प्रश्न. आकड्यांवरून ‘दांडा काढल्यामुळेच साथ थांबली’ यातला ‘च’ नक्की पडतो. ८ तारखेला केलेल्या गोष्टीने १ ते ७ तारखेची घट होऊ शकत नाही. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दांडा काढण्याचा काहीच उपयोग झाला नाही, असं या आकड्यांवरून म्हणता येतं का? नाही. आकडे फक्त ८ तारखेपर्यंतच्या घटीबद्दल बोलतात, त्यानंतर काय होऊ शकलं असतं याबद्दल ते गप्प आहेत. इथे हेन्री व्हाइटहेडचं काम उपयोगी पडतं. हा त्या भागातला तरुण धर्मगुरू. सुरुवातीला स्नोचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, म्हणून त्याने घरोघरी जाऊन चौकशी केली आणि शेवटी तो पंपापर्यंतच पोचला. त्याला सापडलं की पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ उद्रेकाच्या आधी जुलाबाने आजारी होतं आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात जात होतं. नंतर खणून पाहिलं तेव्हा हा खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर निघाला आणि त्याचं बांधकाम झिजलेलं होतं.

आणि याच घरात बाळाचे वडील आजारी पडले ८ सप्टेंबरला, ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी. खड्डा तेव्हा गळतच होता. म्हणजे त्यांच्या आजाराची घाण त्याच वाटेने विहिरीत उतरायला काही अडथळा नव्हता. पंप चालू असता आणि पळालेले लोक परत येऊन तेच पाणी प्यायला लागले असते, तर दुसरी लाट येऊ शकली असती.

हा मुद्दा प्रतिवादाला उत्तर देतो, पण किती? यालाही मर्यादा आहे. हा न घडलेल्या घटनेबद्दलचा तर्क आहे. दांडा काढला नाही असा दुसरा सोहो आपल्याकडे नाही, म्हणजे कंट्रोल नाही. म्हणून ‘दुसरी लाट थांबवली’ असं ठामपणे लिहिता येत नाही. ‘दुसऱ्या लाटेचा खरा धोका टाळला, असं मानायला चांगलं कारण आहे’ इतकंच लिहिता येतं. पुरावा जेवढा, तेवढाच शब्दांत जोर.

निवाडा

आता शेवटचा परिच्छेद लिहिणं जड जात नाही. तो साधारण असा होईल:

‘या विधानाशी मी मर्यादित प्रमाणात सहमत आहे. पंपाचं पाणी हे साथीचं माध्यम होतं याचा पुरावा भक्कम आहे. परंतु दांडा काढण्यापूर्वीच नव्या रुग्णांची संख्या १४३ वरून १२ वर आली होती, त्यामुळे साथ त्यामुळेच थांबली असे म्हणता येत नाही. तरीही मैलाखड्डा गळत असताना आणि त्याच घरात नवा रुग्ण असताना पंप बंद झाला, हे पाहता या कृतीचे मोल साथ थांबवण्यात नसून ती पुन्हा उसळण्याचा धोका कमी करण्यात आहे.’

यात ‘कितपत’ला थेट उत्तर आहे. विधानाचा एक भाग मान्य केला, एक नाकारला, आणि तिसरा बदलून मांडला. हा बदललेला तिसरा भाग प्रतिवादाशी झटल्याशिवाय हाती आला नसता.

स्वतःचा निबंध तपासायची एक साधी युक्ती आहे. प्रतिवादाचा परिच्छेद बोटाने झाका आणि निष्कर्ष पुन्हा वाचा. निष्कर्ष जसाच्या तसा चालत असेल, तर तुम्ही प्रतिवाद फक्त सजावटीला ठेवलाय. वरच्या निवाड्यात तो परिच्छेद झाकून बघा: ‘मर्यादित’ हा शब्द कुठून आला, ते कळणारच नाही.

उलट चूकही होते, तीही लक्षात ठेवा. प्रतिवाद इतका आवडतो की निबंध ‘स्नोची गोष्ट ही निव्वळ दंतकथा आहे’ इथे जाऊन थांबतो. तेव्हा तोच दुसरा प्रश्न परत विचारायचा: प्रतिवाद खरा असूनही काय उभं राहिलं?

सरावाला स्वतःच्या विषयातलं एक विधान घ्या, ज्यात असाच एखादा ‘च’ किंवा ‘केवळ’ लपलाय. पूर्ण निबंध लिहू नका. फक्त चार वाक्यं लिहा: विधान नक्की काय म्हणतं, त्याच्याविरुद्ध सगळ्यात जड पुरावा कोणता, त्याने काय पडतं, आणि तरी काय उरतं. चौथं वाक्य जमलं की निवाडा तयार आहे, बाकीचा निबंध त्याच्यामागे लिहिता येतो.