दोष नको, दिवसांचा हिशेब द्या

एक दिवस ताप, दोन दिवस गावाकडचं लग्न. मुलाच्या अशा गैरहजेरीची बेरीज घरी कुणी करत नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी २८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या घरांवर प्रयोग केला. काही पालकांना पत्रानं मुलाचे बुडालेले एकूण दिवस कळवले. त्या गटात सतत गैरहजर राहणारी मुलं सुमारे दहा टक्क्यांनी घटली. वर्गमित्रांशी तुलना जोडल्यानं मात्र वेगळा फायदा झाला नाही.

म्हणून “तुमचं लक्ष नाही” याऐवजी असं लिहावं: “यंदा समीरचे चौदा दिवस बुडाले, सहा वेळा पहिला तासही चुकला. सकाळी काही अडचण येते का? आपण मिळून मार्ग काढू.”

एसटीच वेळेवर येत नसेल, तर नुसता आकडा पुरत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरातून ते शाळेला कळतं.