बिल हातात आहे, पण क्रेडिट कधी घ्यायचं?

गेवराईतली एखादी जिनिंग धरा. तिने २८ जूनला बीडच्या दुकानातून एक लाखाचे सुटे भाग घेतले, वर १८ हजार जीएसटी. माल आला, पैसेही दिले. मग जूनच्या रिटर्नमध्ये १८ हजार घ्यायचे का? थांबा, आधी पोर्टलवर GSTR-2B उघडा. दुकानदार दरमहा रिटर्न भरणारा असेल, तर त्याने ११ जुलैपर्यंत GSTR-1 भरल्यावरच हे बिल १४ तारखेच्या 2B मध्ये दिसतं. त्याने १३ तारखेला भरलं, तर क्रेडिट महिनाभर पुढे गेलं.

त्याने वेळेत भरूनही बिल दिसत नसेल, तर त्याला आपला जीएसटी नंबर वाचून दाखवायला सांगा. एखादा आकडा चुकलेला निघतो, किंवा बिल नंबराविनाच, किरकोळ गिऱ्हाईक म्हणून टाकलेलं असतं.

बिल दिसलं म्हणजे संपलं असंही नाही हं. Search Taxpayer मध्ये त्याचा नंबर टाकून GSTR-3B भरलंय का तेही बघा, कारण कर तिथे भरला जातो. पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत ते भरलं नाही, तर ३० नोव्हेंबरपर्यंत आपल्यालाच १८ हजार परत करावे लागतात. त्याने नंतर भरलं की ते पुन्हा घेता येतात.