एका मिलिमीटरची फट

सहा वर्षांचा मुलगा झोपाळ्यावरून हात टेकत पडला. कोपर सुजलं, पण वाकडंतिकडं दिसत नव्हतं. बाहेरच्या बाजूला बोट टेकवलं की मात्र तो किंचाळायचा. समोरून काढलेल्या एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, एक बारीक रेघ होती. फट एका मिलिमीटरची. ‘साधी चीर आहे, प्लास्टर घालू’ असंच कुणालाही वाटलं असतं.

मग हात आतल्या बाजूला वळवून तिरका एक्स-रे काढला. तीच फट आता तीन मिलिमीटर भरली. तुकडा सहसा बाहेर आणि मागे सरकतो, म्हणून समोरच्या फोटोत फट झाकली जाते. या फ्रॅक्चरचा संशय असेल तर तिरका फोटो मागूनच घ्यावा.

साधारण दोन मिलिमीटरपेक्षा कमी फट असली तर प्लास्टरवर भागतं. पण आकड्याइतकीच महत्त्वाची असते ती एक्स-रेत न दिसणारी कूर्चा. या वयात कोपराचं टोक बरंचसं कूर्चेचंच असतं, त्यामुळे फोटोतली हाडाची चकती खऱ्या तुकड्यापेक्षा लहान दिसते. चीर सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचली नसेल तर उरलेली कूर्चा बिजागरीसारखी तुकडा धरून ठेवते. ती तुटली की तुकडा मोकळा होतो आणि प्लास्टरच्या आतही सरकतो. म्हणूनच ‘न सरकलेल्या’ फ्रॅक्चरचाही आठवड्याभरात पुन्हा फोटो काढावा लागतो. माझ्या मते पालक नेमका हाच फोटो चुकवतात, कारण तोवर पोराचं दुखणं थांबलेलं असतं.

तुकडा सुटाच राहिला तर तो जुळेलच असं नाही. सांध्यातलं पाणी त्या फटीत शिरतं. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू याच तुकड्यावर उगम पावतात, त्यामुळे ते त्याला सारखे ओढत राहतात. रक्त मागच्या बाजूने, बारीक वाहिन्यांतून येतं. शिवाय तुकडा फिरला तर त्याची कूर्चा हाडाच्या उघड्या भागासमोर येते, आणि तिथे हाड धरत नाही. हाड न जुळता वर्षं गेली की कोपर बाहेर झुकतं. आपटल्यावर झिणझिण्या येतात ती आतल्या बाजूची नस ताणली जाते, आणि कधी कधी ऐन तारुण्यात करंगळी बधिर होऊ लागते.

या मुलाला भूल देऊन सांध्यात रंगद्रव्य सोडलं. ते फटीत शिरलं नाही, म्हणजे बिजागरी शाबूत होती. त्वचेतूनच दोन तारा घातल्या. रंगद्रव्य आत शिरलं असतं तर सांधा उघडून, पृष्ठभाग डोळ्यांनी पाहून जुळवावा लागला असता, आणि तेही मागचे ऊतक न सोलता, कारण तुकड्याचं रक्त तिथूनच येतं. चार आठवड्यांनी हाड जुळल्याचं फोटोत पाहून तारा काढल्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा छोटा उंचवटा राहिला. हाड भरताना तो बऱ्याच मुलांत येतो, आणि हालचालीला आडवा येत नाही.