एकाहून अधिक अचूक पर्यायांचे प्रश्न : संशयाचा पर्याय निवडावा की सोडावा?

भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेण्यात येणाऱ्या जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या परीक्षेत काही प्रश्न असे असतात, की ज्यांच्या चार पर्यायांपैकी एक किंवा एकाहून अधिक पर्याय अचूक असू शकतात. त्यांतील किती पर्याय अचूक आहेत, हे परीक्षार्थीला सांगितलेले नसते. अशा प्रश्नांची गुणदानपद्धती नीट ध्यानात न आल्यामुळे विषयाचे चांगले ज्ञान असलेले विद्यार्थीही गुण गमावतात. म्हणून तिचे स्वरूप येथे विशद केले आहे.

गुण कसे मिळतात?

२०२३ व २०२४ या वर्षांच्या परीक्षांतील नियम पुढीलप्रमाणे होता. सर्व अचूक पर्याय, आणि तेवढेच, निवडल्यास ४ गुण. चारही पर्याय अचूक असता तीनच निवडल्यास ३ गुण. तीन किंवा अधिक अचूक असता त्यांतील दोनच निवडल्यास २ गुण. दोन किंवा अधिक अचूक असता त्यांतील एकच निवडल्यास १ गुण. काहीच न निवडल्यास शून्य. अन्य सर्व प्रसंगी २ गुण वजा होतात.

यातील शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. एक चुकीचा पर्याय निवडला की त्याच्यासोबतच्या अचूक पर्यायांचे अंशतः गुणही उरत नाहीत. दोन बरोबर व एक चूक म्हणजे २ गुणांतून काही वजावट नव्हे. तेथे सरळ उणे २ होतात.

एक उदाहरण

१०२३ या संख्येला पुढीलपैकी कोणत्या संख्यांनी निःशेष भाग जातो? (अ) ३ (ब) ७ (क) ११ (ड) ३१.

अंकांची बेरीज ६ येते, म्हणून ३ ने भाग जातो. एकाआड एक अंकांच्या बेरजा, १ अधिक २ आणि ० अधिक ३, सारख्या आहेत. म्हणून ११ नेही जातो. ७ ने भागल्यास बाकी १ उरते. येथवर परीक्षार्थी निःशंक आहे. पण ३१ विषयी त्याला खात्री नाही. (अ) व (क) एवढेच निवडून तो थांबला आणि ३१ अचूक निघाला, तर २ गुण मिळतील. ३१ चुकीचा निघाला, तर पूर्ण ४. ३१ निवडला आणि तो अचूक ठरला तर ४, चुकला तर उणे २.

समजा, असे आठ प्रश्न आले आणि त्यांत संशयाचा पर्याय सहा वेळा अचूक व दोन वेळा चुकीचा निघाला. प्रत्येक वेळी तो सोडल्यास १२ अधिक ८, म्हणजे २० गुण होतात. प्रत्येक वेळी निवडल्यास २४ उणे ४, म्हणजे तेही २०च. याचा अर्थ, दोन पर्याय निश्चित असताना तिसरा निवडण्यासाठी चारांपैकी तीन वेळांहून अधिक खात्री हवी.

एकच पर्याय निश्चित आणि दुसरा एकच संशयाचा असेल, तर ही मर्यादा तीनांपैकी दोन इतकी येते. तीन निश्चित आणि चौथा संशयाचा असेल, तर ती सातांपैकी सहा होते. जितके अधिक पर्याय निश्चित, तितके गमवावयाचे अधिक. म्हणून खात्रीही तितकीच अधिक लागते. एकाहून अधिक पर्याय संशयाचे असल्यास मात्र हिशेब निराळा होतो.

प्रस्तुत उदाहरणात ३१ ला ३३ ने गुणल्यास १०२३ येतात. तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या भागाकाराने संशयच मिटतो, आणि तोच उत्तम मार्ग होय.

खात्री मोजावी कशी?

आपली खात्री आपणांस नेहमी वास्तवाहून अधिक वाटते. यासाठी सरावाच्या वेळी संशयाच्या प्रत्येक पर्यायापुढे खूण करावी आणि उत्तरे ताडून पाहताना त्यांतील किती अचूक निघाले, हे मोजावे. अशा वीस खुणांपैकी बाराच बरोबर आल्या, तर ते प्रमाण तीनांपैकी दोन या किमान मर्यादेच्याही खाली आहे. अशा विद्यार्थ्याने एकमेव संशयाचा पर्याय सोडून देणे हिताचे ठरेल.

नियम बदलला की निर्णय बदलतो

पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत असे प्रश्न २०२१ पासून आले. तेथे चुकीच्या उत्तरास वजावट नाही, परंतु अंशतः गुणही नाहीत. सर्व अचूक पर्याय निवडले तरच गुण, अन्यथा शून्य. म्हणून तेथे प्रश्न कोरा सोडण्यात लाभ नाही, आणि एकमेव संशयाचा पर्याय अचूक असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक वाटली, की तो निवडावा. एका परीक्षेतील सवय दुसरीत नेणे हानिकारक ठरते. प्रत्येक विभागाच्या आरंभी दिलेल्या सूचनांत वजावटीचा आकडा व अंशतः गुणांचे कलम प्रथम वाचावे, आणि मगच प्रश्नास हात घालावा.