एकच काम, दोन हात

समजा, ग्राहकसेवा विभागात एक तक्रार आली: बिलात 1,200 रुपये जादा लागलेत, परत द्या. मीनाने लिफ्टमधून मोबाइलवर ‘मी घेते’चं बटण दाबलं. तक्रारीसमोर लगेच तिचं नाव झळकलं. जागेवर येऊन तिने हिशेब तपासला आणि परताव्याला मंजुरी दिली. तिकडे सतीशच्या यादीत तीच तक्रार मोकळी दिसत होती. त्यानेही ती घेतली आणि निकाली काढली. ग्राहकाच्या खात्यात 2,400 रुपये जमा झाले.

“अहो सतीश, ती माझ्या नावावर होती!”

“माझ्याकडे तर कुणाचंच नाव नव्हतं.”

दोघंही खरंच बोलत होते. अ‍ॅप चपळ वाटावं म्हणून बरीच अ‍ॅप्स सर्व्हरच्या होकाराआधीच बदल पडद्यावर दाखवतात. लिफ्टमध्ये रेंज गेली, मीनाची विनंती पोहोचलीच नाही आणि अ‍ॅपने ते नाव मागेही घेतलं नाही. सर्व्हरवरच्या नोंदींत फक्त सतीशचा दावा सापडला.

यावर उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. पोच येईपर्यंत अ‍ॅपने ‘नोंद होत आहे’ एवढंच दाखवावं. पोच आली नाही तर तसं स्पष्ट सांगावं. आणि परतावा देण्याआधी सर्व्हरने दोन गोष्टी तपासाव्यात: तक्रार याच माणसाच्या नावावर आहे का, आणि तिचे पैसे आधीच गेलेत का. सर्व्हरवर ही तपासणी असती, तर मीनाची मंजुरी तिथेच अडली असती.