शाळेची वाट आणि पंचायतीला लिहायचे पत्र

शाळेकडे जाणारी पाऊलवाट एका दिवसात बंद होत नाही. आधी एका घराला ओटा येतो, मग ओट्याला दोन पायऱ्या. पावसाचे पाणी आत येते म्हणून पुढे पत्रे, पत्र्यांना लोखंडी खांब, आणि उन्हाळ्यात खांबांच्या आत सिमेंटची टाकी. प्रत्येक वेळी वाट हात-दोन हात आक्रसते. कुणी बोलायला गेले तर ‘एवढ्याने काय होतंय’ हे उत्तर ठरलेले असते. शेवटी मुले वाट सोडून डांबरी रस्त्यावर उतरतात. ऊसपट्ट्यातल्या गावांत गळिताच्या हंगामात याच रस्त्याने उसाने लादलेल्या ट्रॉल्या जातात. सोय मोठ्यांची आणि धोका सात-आठ वर्षांच्या मुलांना, हे मला सहन होत नाही. ग्रामसभेत या मुलांना मत नाही, म्हणून त्यांच्या वतीने लिहायचे पत्र पक्के असले पाहिजे.

बहुतेक पत्रे इथेच कमी पडतात. ‘अमुक यांनी दादागिरी करून रस्ता अडवला आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी’ एवढेच लिहिलेले असते, आणि खाली शंभर सह्या. असे पत्र आले की पंचायतीला ‘हा दोन घरांचा आपसातला वाद आहे’ म्हणून हात झटकता येतात. पत्राचे खरे काम ही पळवाट बंद करणे. त्यासाठी तीन गोष्टी दिसाव्या लागतात: वाट सार्वजनिक आहे, ती इतक्या फुटांनी अडली आहे, आणि ती मोकळी करण्याचा अधिकार पंचायतीकडेच आहे.

हा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ मध्ये आहे. गावठाणाच्या हद्दीत सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेवर भिंत, कुंपण, खांब, ओटा, पायरी असे काही उभे केले तर तो गुन्हा ठरतो, आणि ते काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला आहे. काढण्याचा खर्चही अतिक्रमण करणाऱ्याकडून वसूल करता येतो. जागा शासनाची असेल तर मात्र आधी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

वाट सार्वजनिक असल्याचा पुरावा दोन ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण पंचायतीचे दप्तर. नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही, तिच्यात त्या वाटेची लांबी-रुंदी नोंदलेली आहे का ते पाहायचे. दुसरे ठिकाण भूमी अभिलेख कार्यालय. तिथून गावठाणाचा किंवा गावाचा नकाशा मिळतो. गावनकाशावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेघेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, देवळापासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंतची वाट नोंदवहीत आठ फूट रुंद आहे. टेप लावून मोजल्यावर एका घरासमोर तीनच फूट उरलेली दिसते. मग पत्रातला मुख्य परिच्छेद असा होईल:

‘देऊळ ते प्राथमिक शाळा ही वाट ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये आठ फूट रुंद नोंदलेली आहे. घर क्रमांक अमुक यासमोर ओटा, दोन पायऱ्या, पत्र्याची शेड व पाण्याची टाकी यांमुळे बावीस फूट लांबीत ती तीन फूट उरली आहे. पहिली ते चौथीची मुले त्यामुळे मुख्य रस्त्यावरून जातात. तरी अधिनियमाच्या कलम ५३ (२) नुसार संबंधितांस नोटीस देऊन, पंच व अर्जदारांसमोर मोजणी करून, ओट्याच्या पायासह हे अतिक्रमण काढावे व झालेला ठराव आम्हांस लेखी कळवावा.’

यात कुणाच्या स्वभावाविषयी एक शब्द नाही. ‘ओट्याच्या पायासह’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. शेड उतरवून फोटो काढले जातात, ओटा तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रे परत चढतात, असे होऊ नये म्हणून.

सोबत मोजमाप लिहिलेला हातनकाशा, नोंदवहीची व नकाशाची प्रत आणि तारीख दिसणारे फोटो जोडावेत. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत. सह्यांपेक्षा एक कागद जास्त वजनदार ठरतो, तो म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती सक्तीची केली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांचा ठराव आला की हे भांडण शेजाऱ्यांचे राहत नाही. पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायलाच हवा. पोच नसलेले पत्र पुढच्या कार्यालयात न दिल्यासारखेच.

समोरची बाजू बहुधा घरपट्टीची पावती घेऊन येते. ‘वीस वर्षे कर भरतोय, मग अतिक्रमण कसले?’ हा प्रश्न ऐकून सदस्य गप्प बसतात. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून कर घेता येतो, जागेची मालकी त्यातून मिळत नाही. दुसरी अडचण जास्त नाजूक. ओटा सरपंचांच्या किंवा सदस्याच्याच घराचा असतो. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य कलम १४ (१) (ज-३) खाली अपात्र ठरतो. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही त्यातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई खटल्यात स्पष्ट केले.

घाई मात्र घातक ठरते. लोकांचा रेटा वाढला म्हणून नोटीस न देता जेसीबी आणला, तर घरमालक तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करतो किंवा न्यायालयातून स्थगिती आणतो. मग वाट वर्षानुवर्षे तशीच राहते. मुदतीची नोटीस, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, मोजणी, मासिक सभेचा ठराव, पोलीस बंदोबस्त आणि पंचनामा हा क्रम लांबचा वाटतो, पण टिकतो तोच.

पंचायत बसून राहिली तर कलम ५३ (२अ) नुसार जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावरून कारवाई करू शकतात. तिथे पोच असलेले पहिले पत्र जोडायचे. त्याआधी माहिती अधिकारात ‘आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारावे. तीस दिवसांत मिळालेले उत्तर, किंवा न मिळालेले उत्तर, दोन्ही उपयोगी पडतात. वाट पूर्णच अडली असेल आणि मुलांच्या जिवाला धोका असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. शेतरस्त्यांसाठी तहसीलदारांकडे चालणारे मामलेदार न्यायालय अधिनियमाचे अर्ज इथे लावू नयेत. ते शेतात जाण्या-येण्याच्या वाटांसाठी आहेत आणि चुकीच्या दारात महिने जातात.

वाट गावठाणाबाहेरच्या शासकीय जमिनीतून जात असेल तर महसूल खात्याकडे जावे लागते. ती कुणाच्या सातबाऱ्यातून जात असेल तर प्रकरण वेगळेच, पंचायत तिथे हातोडा चालवू शकत नाही. म्हणून आधी नकाशा, मग पत्र.

वाट मोकळी झाल्यावरही एक अर्ज उरतो. दोन्ही कडांना हद्दीचे दगड रोवावेत आणि मोजलेली रुंदी नमुना २३ मध्ये नोंदवावी, असा. नोंद आधीच असेल तर तिच्या सही-शिक्क्याची प्रत मागून शाळेच्या दप्तरात लावून ठेवावी. मुख्याध्यापक बदलतात, सरपंच बदलतात, पुढच्या वेळी टेप लावणाऱ्याच्या हाती हा कागद असला पाहिजे.