रिटर्न भरलं, पण पोचलं नाही

गोष्टीपुरतं तिला सायली म्हणू. सांगलीत इंजिनिअरिंग झालं आणि पुण्यातल्या एका डिझाइन फर्ममध्ये ती कंत्राटी पद्धतीने काम करू लागली. महिना ५५ हजार रुपये ठरले, पण हातात ४९,५००च पडत. कंपनी पगार नव्हे, तर व्यावसायिक शुल्क देत होती आणि त्यातून दहा टक्के टीडीएस कापत होती. २०२३-२४ या वर्षात तिचे ६,६०,००० रुपये जमा झाले आणि ६६ हजार रुपये कापले गेले.

ही कापलेली रक्कम पूर्ण परत मिळण्यासारखी होती. इंजिनिअरसारख्या व्यावसायिकाला कलम ४४एडीएखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. सायलीचं उत्पन्न झालं ३,३०,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्यावर जेमतेम दीड हजार रुपये कर बसत होता आणि तोही सवलतीत माफ. मैत्रिणीने शिकवलं तसं तिने २० जुलै २०२४ला आयटीआर-४ भरलं, पावती क्रमांक आला आणि ती निर्धास्त झाली.

ऑगस्टमध्ये प्राप्तिकर खात्याचा मेल आला : तुमच्या रिटर्नची पडताळणी बाकी आहे. सायलीने तो पुसून टाकला. रिफंडचं आमिष दाखवून बँकेची माहिती काढणारे खोटे मेल तिने पाहिले होते. शिवाय रिटर्न तर भरलेलं होतं!

भाऊबीजेला सीएकडे आर्टिकलशिप करणारा मावसभाऊ घरी आला.

"दादा, रिफंडला एवढे महिने लागतात का रे?"

"ई-व्हेरिफाय केलं होतंस ना?"

"ते काय असतं?"

त्याने मोबाइलवर incometax.gov.in उघडून तिला लॉगिन करायला लावलं. View Filed Returns मध्ये तिच्या रिटर्नपुढे पडताळणी बाकी असल्याचा शेरा होता.

ऑनलाइन रिटर्नवर सही नसते. ते आपणच भरलंय, हे सांगायला पडताळणी करावी लागते आणि त्यासाठी भरल्यापासून ३० दिवस मिळतात. सायलीची मुदत १९ ऑगस्टला संपली होती. पडताळणी झालीच नाही, तर भरलेलं रिटर्न अवैध ठरतं, म्हणजे जणू भरलंच नव्हतं. उशिरा केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो. ३१ जुलैच्या आत भरलेलं सायलीचं रिटर्न त्यामुळे आता उशिराचं ठरणार होतं. तरी डिसेंबर उजाडला नव्हता, हे तिचं नशीब.

दोघांनी e-Verify Return उघडलं. ३० दिवस उलटल्यामुळे पोर्टलने उशिराचं कारण विचारलं, ते यादीतून निवडलं. पुढे ओटीपीवर गाडी अडली. तिच्या आधारला वडिलांचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता. पहिल्यांदा रिटर्न भरणारी बरीच मुलं इथेच अडकतात. पण आधार हा एकच मार्ग नाही. नेटबँकिंगमधून शिरता येतं, पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेल्या बँक किंवा डीमॅट खात्यावरून कोड मागवता येतो आणि काहीच जमलं नाही, तर आयटीआर-व्ही छापून, सही करून बेंगळुरूच्या केंद्राकडे स्पीडपोस्टने पाठवता येतं. रिफंडसाठी सायलीने बँक खातं प्रमाणित केलंच होतं. कोड तिच्या चालू मोबाइलवर आला आणि काम झालं.

पुढे कलम १४३(१)ची सूचना मेलवर आली. ही फाइल उघडायला पासवर्ड लागतो : छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने उशिराचं शुल्क एक हजार रुपये लागलं होतं आणि ते रिफंडातून वळतं झालं होतं. दुसरा तोटा सहज दिसत नाही. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, उशिराच्या रिटर्नवर मात्र ते भरल्याच्या तारखेपासूनच. सायलीला महिन्याला ३३० रुपये या हिशेबाने सात महिन्यांचे सुमारे २,३०० रुपये सोडावे लागले.

ती आणखी वर्षभर गप्प बसली असती, तर ६६ हजार रुपयेच टांगणीला लागले असते. नंतर भरता येणाऱ्या सुधारित, म्हणजे 'अपडेटेड' रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. उरतो तो विलंबमाफीचा अर्ज आणि तो मंजूर होईलच असं नाही.

मेलवर संशय घेतला यात सायलीचं काही चुकलं नाही. चुकलं ते संशय फेडून न घेणं. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका, ओटीपी किंवा पिन कुणाला देऊ नका. पत्ता स्वतः टाइप करून पोर्टलवर शिरा आणि Pending Actions पाहा. नोटिशीवर दस्तऐवज क्रमांक असेल, तर ती खरी की खोटी हे लॉगिन न करताही तिथेच तपासता येतं. आणि रिटर्न भरल्यावर त्याच बैठकीत पडताळणी उरका. ती होईपर्यंत रिटर्न भरलं असं समजू नका.